'तुतारी'तली ओळ निबंधात बसवताना

"मॅडम, मी रत्नागिरीजवळच्या एका कॉलेजात टीवायबीएला आहे, मराठी घेऊन. केशवसुतांच्या 'तुतारी'वर निबंध लिहिला होता. त्यातल्या एका परिच्छेदाशेजारी सरांनी लाल पेनाने लिहिलंय : 'ओळी चिकटवल्या आहेत. खाली नुसता अर्थ. विश्लेषण कुठे?' परिच्छेद असा होता :

केशवसुत हे क्रांतिकारक कवी होते. ते म्हणतात, 'एक तुतारी द्या मज आणुनि / फुंकिन मी जी स्वप्राणाने / भेदुनि टाकिन सगळी गगने / दीर्घ जिच्या त्या किंकाळीने'. म्हणजे कवीला एक तुतारी हवी आहे. ती तो आपल्या प्राणाने फुंकणार आहे आणि तिच्या मोठ्या आवाजाने सगळी आकाशे भेदून टाकणार आहे. यातून कवीची क्रांतिकारक वृत्ती दिसून येते.

अर्थ तर बरोबर आहे ना? मग विश्लेषण म्हणजे आणखी काय लिहायचं? आणि ओळी न चिकटवता आणायच्या कशा?"

अर्थ बरोबर आहे. पण तुझी पाच वाक्यं एकदा बोट ठेवून वाच. पहिल्या वाक्यात 'क्रांतिकारक' आहे, पाचव्यातही 'क्रांतिकारक' आहे. मधली तीन वाक्यं चार ओळी दोनदा सांगतात, एकदा केशवसुतांच्या शब्दांत आणि एकदा तुझ्या. म्हणजे वाचणारा जिथून निघाला तिथेच परत आला. सरांनी लाल पेन उचललं ते यासाठी. ओळी वगळून टाकल्या असत्यास तरी परिच्छेदाचं म्हणणं तसूभरही बदललं नसतं. पाहुण्याला पडवीत बसवून घरातले सगळे आत निघून जावेत, तशी त्या चार ओळींची अवस्था झाली आहे.

तू दोन प्रश्न विचारलेस. मी दुसरा नंतर घेते. ओळ कशी आणायची हे ती कशासाठी आणतेस त्यावर ठरतं, आणि ते तर अजून ठरलेलंच नाही.

ओळीतून काय काढायचं हे शोधायला माझा एक साधा उद्योग आहे. ओळीतला एक शब्द काढायचा, त्याच्या जागी जवळच्या अर्थाचा दुसरा घालायचा आणि आपलं स्पष्टीकरण पुन्हा वाचायचं. स्पष्टीकरण जसंच्या तसं लागू पडलं, तर आपण कवितेबद्दल काही बोललोच नाही, फक्त तिच्या आशयाचा सारांश दिला असं समजायचं. तुझ्यावर करून बघू. चौथी ओळ 'दीर्घ जिच्या त्या ललकारीने' अशी केली, तर तुझं 'तिच्या मोठ्या आवाजाने' हे वाक्य बदलावं लागेल का? नाही. 'गर्जना' घातली तरी नाही, 'आरोळी' घातली तरी नाही. केशवसुतांनी मात्र 'किंकाळी' लिहिलंय, आणि तुझ्या परिच्छेदाला त्याचा पत्ताच नाही.

इथे कुणीतरी म्हणेलच की छंदासाठी घातला असेल. ही शंका रास्त आहे आणि तपासता येते. तू घेतलेल्या चारही ओळी सोळा मात्रांच्या आहेत. 'भेदुनि टाकिन सगळी गगने' मोजून बघ : चार, चार, चार, चार. आता 'किंकाळीने'च्या मात्रा आठ, आणि 'ललकारीने'च्याही आठच. शेवटचा 'ने'ही तसाच राहतो, म्हणजे 'स्वप्राणाने', 'गगने' यांच्याशी जुळणारं यमकही सुटत नाही. ललकारी तिथे आरामात बसली असती. छंदाने हात पिरगाळलेला नसताना 'किंकाळी' आलीय, तेव्हा तिच्याबद्दल बोलायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. ('गर्जनेने' मात्र एका मात्रेने कमी पडतं. म्हणून बदलून बघायला शब्द निवडताना मात्रा मोजून घ्याव्यात, नाहीतर आपला मुद्दा समोरचा एका वाक्यात खोडून काढतो.)

मग किंकाळी वेगळं काय करते? तू रत्नागिरीकडची आहेस, शिमग्याला पालखी निघते तेव्हा ढोलताशांबरोबर तुतारी ऐकली असशील. लग्नाच्या मांडवात ऐकली असशील. तो आवाज कुणाच्या तरी येण्याची वर्दी देतो, थाटाचा असतो. त्याला आपल्यापैकी कुणी किंकाळी म्हणणार नाही. किंकाळी फुटते ती भीतीने किंवा वेदनेने, आणि ती फोडणाऱ्याच्या ताब्यात नसते. ललकारी समोरच्याला उद्देशून असते, किंकाळीला समोर कुणी असावंच लागत नाही. मानाच्या प्रसंगी वाजणाऱ्या वाद्यातून कवी असा आवाज काढू बघतोय. आता वर जाऊन दुसरी ओळ पुन्हा बघ. तुतारी फुंकायची आहे ती 'स्वप्राणाने'. तू 'आपल्या प्राणाने' असं नुसतं भाषांतर केल्यासारखं लिहून पुढे गेलीस. पण श्वासाने फुंकणं निराळं आणि प्राणाने फुंकणं निराळं. जो प्राण ओतून फुंकणार आहे त्याच्या तुतारीतून किंकाळी निघणार, हे दोन शब्द एकमेकांना धरून आहेत. त्यांच्या मधल्या ओळीत सगळी गगनं भेदण्याचा आवेश आहे, आणि त्या आवेशाच्या दोन्ही बाजूंना वेदना उभी आहे.

एवढं दिसलं की 'क्रांतिकारक वृत्ती' हा शब्द तुला स्वतःलाच तोकडा वाटायला लागेल. आता तुझ्याकडे सांगण्यासारखं काहीतरी आहे : या कडव्यात बंडाच्या आवेशाबरोबर बंडखोराला स्वतःला मोजावी लागणारी किंमतही आहे. हे वाक्य सारांशातून निघालं नसतं. आणि 'किंकाळी' बदलून 'ललकारी' केली की ते कोसळतं. कोसळतं म्हणूनच ते विश्लेषण आहे.

याच कडव्यात आणखी एक गोष्ट डोळ्यांसमोर असून निसटते. क्रियापदं बघ. 'द्या', 'फुंकिन', 'टाकिन', आणि पाचव्या ओळीत 'अशी तुतारी द्या मजलागुनी', म्हणजे पुन्हा 'द्या'. मागणी आणि भविष्यकाळ, दुसरं काही नाही. बोलणाऱ्याच्या हातात तुतारी अजून आलेलीच नाही! तरीही परीक्षेच्या दिवसांत 'केशवसुतांनी तुतारी फुंकून समाजाला जागे केले' हे वाक्य मी इतक्या वेळा वाचत आलेय की कुठल्या गाइडातून आलं असेल याचा विचार करणंही सोडलंय. केशवसुतांच्या एकूण कामगिरीबद्दल कुणी ते वापरलं तर चालेल. या कडव्याचा पुरावा म्हणून ते वापरता येत नाही, कारण कडवं त्याच्या उलट बोलतंय.

आता तुझा दुसरा प्रश्न. ओळ आणताना तिच्याआधी जे चार शब्द लिहितो त्यांतून वाचणाऱ्याला तीन गोष्टी कळायला हव्यात : कोण बोलतंय, कुठल्या परिस्थितीत बोलतंय आणि आपण कशाकडे कान द्यायचा. 'ते म्हणतात' यातून तिन्हींपैकी एकही कळत नाही.

कोण बोलतंय हा मुद्दा आपल्याकडे फार ढिलाईने घेतला जातो. कृष्णाजी केशव दामले मालगुंडला 1866 साली जन्मले. 'तुतारी' 1893 सालची. ही माहिती निबंधात एकदा आली की पुरे. कवितेत जो 'मी' तुतारी मागतोय तो मालगुंडचे दामले असेलच असं धरून चालू नये. तो कवितेने उभा केलेला बोलणारा आहे. म्हणून 'केशवसुत तुतारी मागतात' यापेक्षा 'कवितेतला मी तुतारी मागतो' हे बिनधोक. कवितेची रचना, शब्दाची निवड, कडव्यांचा क्रम यांबद्दल बोलशील तेव्हा खुशाल 'केशवसुत' म्हण, कारण ते काम त्यांचं आहे. 'मी' मागतो, केशवसुत 'किंकाळी' हा शब्द निवडतात. एवढा भेद पाळलास तरी निबंध निम्मा सुधारतो.

मग क्रियापद. मराठीत 'म्हणतो' सोडून केवढी तरी क्रियापदं आहेत आणि प्रत्येकात थोडं विश्लेषण आधीच भरलेलं असतं : मागतो, विनवतो, बजावतो, खडसावतो, कबूल करतो, सुचवतो, टोमणा मारतो, स्वतःलाच विचारतो. पहिल्या कडव्यासाठी 'मागतो' हे नेमकं आहे, कारण 'द्या' दोनदा आलंय. पुढे जाऊन 'बसुनी का वाढविता मेदा?' ही ओळ आणशील तेव्हा 'कवी प्रश्न विचारतो' असं लिहिलंस तर फसशील. प्रश्नचिन्ह असलं तरी त्याला उत्तर नकोय. तिथे 'टोचून विचारतो' किंवा 'खडसावतो'. पण क्रियापदांची यादी पाठ करून आलटूनपालटून वापरायला जाऊ नकोस. ओळीत नसलेला भाव क्रियापदाने लादला की ते 'म्हणतो'पेक्षा वाईट. जिथे सूर महत्त्वाचा नसेल तिथे 'म्हणतो'च बरं, ते कुणाच्या डोळ्यांत खुपत नाही.

ओळ वाक्यात विणायची ती आपल्या व्याकरणाने. मराठीत क्रियापद शेवटी येतं, आणि बरीचशी गडबड तिथेच होते. "कवी म्हणतो की 'एक तुतारी द्या मज आणुनि' असे म्हणतो" हा प्रकार मी अगदी एमएच्या पेपरातही पाहिलाय. 'की' वापरलं तर 'असे' नको, 'असे' वापरलं तर 'की' नको. माझी पसंती बहुतेक वेळा 'असे'ला, कारण मग ओळ आधी येते आणि आपलं म्हणणं तिला लगटून पुढे जातं : 'एक तुतारी द्या मज आणुनि' असे म्हणणाऱ्याच्या हाती अजून वाद्य नाही. या एका वाक्यात ओळ आली, बोलणारा आला, परिस्थिती आली आणि तुझं निरीक्षणही आलं. वेगळं 'म्हणजे' लागलंच नाही.

तो 'म्हणजे' जपून वापर. अवतरण संपलं की हात आपोआप 'म्हणजे' लिहितो, आणि 'म्हणजे'नंतर सारांशाशिवाय दुसरं काही येऊच शकत नाही. त्याऐवजी पुढचं वाक्य ओळीतल्याच एखाद्या शब्दाने सुरू करून बघ. "'स्वप्राणाने' या शब्दामुळे..." किंवा "इथली 'किंकाळी'..." अशी सुरुवात झाली की वाक्याला त्या शब्दाबद्दल काहीतरी बोलावंच लागतं.

विभक्तीकडेही बघावं लागतं. 'किंकाळीने' या शब्दाला तृतीयेचा 'ने' आधीच चिकटलेला आहे. म्हणून "कवीला 'किंकाळीने' ऐकू येते" असलं वाक्य करता येणार नाही. तुझ्या वाक्याला तो 'ने' चालायला हवा : "गगने भेदायची आहेत ती 'किंकाळीने'". नाहीतर शब्द प्रत्ययाशिवाय घ्यायचा आणि 'किंकाळी' हा शब्द, असं म्हणून पुढे जायचं. कवितेतल्या शब्दाचा प्रत्यय अवतरणचिन्हाच्या आत परस्पर बदलायचा नाही. पुरुषाचंही तेच. 'फुंकिन' प्रथमपुरुषी आहे आणि तुझं वाक्य तृतीयपुरुषी. "कवी तुतारी 'फुंकिन'" हे वाचताना ठेच लागते. "'फुंकिन' असे तो म्हणतो, 'फुंकतो' असे नाही" हे नीट बसतं.

किती ओळी घ्यायच्या? ज्या शब्दांबद्दल बोलणार आहेस तेवढ्याच. तू चार ओळी दिल्यास आणि एकाही शब्दावर थांबली नाहीस. दोन ओळींपर्यंतचा मजकूर वाक्यातच घ्यावा आणि ओळ जिथे मोडते तिथे तिरपी रेघ द्यावी. त्याहून जास्त हवा असेल तर वेगळ्या ओळीवर, थोडा आत सरकवून. पण वेगळं कडवं उतरवलंस की त्यातल्या बऱ्याच शब्दांचा हिशोब द्यायची जबाबदारी आली.

छोटं करताना अर्थाला कात्री लागत नाही ना, हे मात्र बघायचं. केशवसुतांच्याच 'नवा शिपाई'मधल्या ओळीची हमखास अशी दशा होते. 'ब्राह्मण नाही, हिंदुहि नाही' एवढंच उचलायचं आणि कवीने धर्म नाकारला असा निष्कर्ष काढायचा. ओळ तिथे थांबत नाही, 'न मी एक पंथाचा' अशी पूर्ण होते. आणि लगेच खाली कारण आहे : 'तेच पतित की जे आखडिती प्रदेश साकल्याचा'. त्याचा राग आखडण्यावर आहे, साकल्याचा प्रदेश तोकडा करणाऱ्यांवर आहे. पहिला तुकडाच घेतला तर 'नाही, नाही' एवढंच ऐकू येतं आणि कशासाठी नाही, ते हरवतं. ओळ कापायची असेल तर कापलेला भाग एकदा मोठ्याने वाचावा. तो आपल्या मुद्द्याच्या आड येत असेल तर तो कापायचा नसतो, त्याला तोंड द्यायचं असतं.

आता आणखी एक कडवं घेऊन बघू, कारण विश्लेषण जास्त झालं की काय होतं तेही तुला दिसायला हवं. ओळी तुला पाठ असतील :

जुने जाऊ द्या मरणालागुनि
जाळुनि किंवा पुरुनि टाका
सडत न एक्या ठायी ठाका
सावध! ऐका पुढल्या हाका
खांद्यास चला खांदा भिडवुनी

नेहमीचा सारांश असा : जुन्या रूढी टाकून द्या, एका जागी थांबू नका, भविष्याची हाक ऐका, एकजुटीने चला. चूक काहीच नाही. पण पहिल्या दोन ओळींत क्रियापद कसं सरकलंय बघ. 'जाऊ द्या', म्हणजे जुनं आपल्या पायाने मरणाकडे निघालंय, तुम्ही फक्त अडवू नका. पुढच्याच ओळीत 'टाका', म्हणजे आता हात लावायला तुम्हीच हवे. एका ओळीच्या अंतरात ऐकणारा बघ्याचा कर्ता होतो. तिसऱ्या ओळीत याहून कडक गोष्ट घडते. जाळणं, पुरणं हे प्रेताचं, आणि सडणंही प्रेताचंच. पण 'सडत' हे क्रियाविशेषण जुन्या रूढींना लावलेलं नाही, 'ठाका' या क्रियापदाबरोबर ते ऐकणाऱ्याला लावलंय. दोन ओळींपूर्वी जे प्रेत 'जुन्या'चं होतं ते तिसऱ्या ओळीत ऐकणाऱ्याच्या अंगावर येतं. जागचे हलला नाहीत तर सडणारे तुम्हीच, असा तो इशारा आहे, आणि 'सावध!' लगेच त्याच्या खाली का येतो हे आता कळतं.

इथपर्यंत ठीक. आता माझ्या वर्गातल्या एका हुशार मुलीने यापुढे जाऊन लिहिलं होतं की शेवटच्या ओळीतला 'खांदा' म्हणजे प्रेताला दिलेला खांदा, म्हणजे सगळे मिळून जुन्याची तिरडी उचलतायत. वाचायला सुरेख. जाळणं-पुरणं नुकतंच येऊन गेल्यामुळे तो पडसाद कानात उमटतो हेही खरं. पण ओळ तपास. प्रेताला खांदा 'देतात', इथे खांद्याला खांदा 'भिडवायचा' आहे. मध्ये 'पुढल्या हाका' येऊन नजर पुढे वळलेली आहे, आणि 'चला' हे स्मशानाकडे चला असं कुठेही सुचवत नाही. शिवाय जाळायला-पुरायला सांगून झाल्यावर तिरडी उचलायची, हा क्रमही उलटा. म्हणून ते 'असा एक पडसाद ऐकू येतो' एवढ्यावर थांबवावं, 'असा अर्थ आहे' म्हणू नये. मी तिला हा मुद्दा ठेवू दिला, क्रियापद मात्र बदलायला लावलं. आपला दावा किती जड आहे ते 'सिद्ध होते', 'दिसते', 'सुचवते', 'ऐकू येते' यांतल्या एकाने ठरतं, आणि ओळीत जेवढं बळ असेल तेवढंच क्रियापद घ्यायचं.

तुझा परिच्छेद मी असा लिहीन :

'तुतारी'ची सुरुवात एका मागणीने होते. 'एक तुतारी द्या मज आणुनि' असे म्हणणाऱ्याच्या हाती अजून वाद्य आलेले नाही. 'फुंकिन' आणि 'टाकिन' ही क्रियापदेही भविष्यातलीच आहेत. जी तुतारी तो मागतो तिचा आवाजही नेहमीच्या तुतारीसारखा नाही. तिने गगने भेदायची आहेत ती 'किंकाळीने'. केशवसुतांनी येथे 'ललकारी' योजली असती, तर मात्रा आणि यमक दोन्ही सांभाळून वीराचा आत्मविश्वास ऐकवता आला असता. 'किंकाळी'त त्याबरोबर वेदना ऐकू येते, आणि तुतारी 'स्वप्राणाने' फुंकायची असल्यामुळे ती वेदना फुंकणाऱ्याची स्वतःची आहे. या कडव्यातला आवेश त्यामुळे फुकटचा राहत नाही. पुढे हाच 'मी' इतरांना 'जाळुनि किंवा पुरुनि टाका' असे बजावतो, तेव्हा त्याने आपला प्राण आधीच देऊ केलेला असतो.

शेवटच्या वाक्यावर सर अडतील, आणि त्यांनी अडावं. 'पुढचा अधिकार आधीच्या त्यागातून येतो' असं सुचवणारं ते वाक्य आहे आणि ते पहिल्या कडव्यावरून पुरतं सिद्ध झालेलं नाही. म्हणजे पुढच्या परिच्छेदाला काम मिळालं. तिथे 'जाऊ द्या' ते 'टाका' हा प्रवास दाखव, मग 'प्राप्तकाल हा विशाल भूधर / सुंदर लेणी तयात खोदा'मधला 'खोदा', आणि तसंच पुढचं 'नोंदा', 'करा', 'चला' घे. मागणारा आज्ञा देणारा कसा होत गेला हे क्रियापदांच्या आधारे मांडलंस की निबंधाला आपोआप एक धागा मिळतो. 'क्रांतिकारक' हा शब्द मग एकदाच, अगदी शेवटाकडे, तोही हवा असला तर.

या परिच्छेदात कवितेचे शब्द किती कमी आहेत ते बघ. एकही ओळ जागा भरायला आलेली नाही, प्रत्येक तुकड्यामागून त्याच्याबद्दलचं वाक्य येतंय.

उतरवून घेताना एक खबरदारी. जुन्या आवृत्तीत तुला 'जुनें', 'ठायीं' असे अनुस्वार दिसतील, पाठ्यपुस्तकात ते नसतील. साहित्य महामंडळाच्या 1962 सालच्या शुद्धलेखनाच्या नियमांनंतर हे अनुच्चारित अनुस्वार गेले आणि बऱ्याच छपाया नव्या पद्धतीने झाल्या. दोन्ही चालतं, पण एका निबंधात एकच प्रत धर. पहिल्या पानावर अनुस्वारासह आणि तिसऱ्या पानावर अनुस्वाराविना अशी तीच ओळ आली, तर ती पाठावरून किंवा मोबाइलवरच्या कुठल्यातरी फॉरवर्डवरून उतरवली हे लगेच कळतं. ऱ्हस्व-दीर्घ आपल्या मनाने सुधारायला जाऊ नकोस. 'फुंकिन'चं 'फुंकीन' केलंस तर सोळाची ओळ सतरा मात्रांची होते.

पेपरात पुस्तक समोर नसतं तेव्हा पूर्ण कडवं आठवायचा अट्टहास करून दोन शब्द चुकवण्यापेक्षा खात्रीचा एक शब्द अवतरणात घ्यावा आणि बाकीचं आपल्या वाक्यात सांगावं. तुला फक्त 'स्वप्राणाने' आणि 'किंकाळी' आठवले, तरी वरचा मुद्दा जवळजवळ पूर्ण मांडता येतो. न आठवणारा शब्द अवतरणचिन्हात घालून कवीच्या नावावर खपवला, तर तपासणारा पुढचं सगळंच संशयाने वाचतो.

दुसरा परिच्छेद लिहून झाला की इथेच टाक, 'खोदा', 'नोंदा'चं काय करतेस ते बघते. तिथे 'निजनामे' हा शब्दही आहे. स्वप्राण देऊ केलेल्या माणसाने इतरांना आपापली नावं कोरायला सांगावं, याचं काय करायचं ते आधी तुझं तू ठरव.